तिरक्या दातांची किंमत

गाडी रिव्हर्समध्ये टाकली की 'ऊंऽऽ' असा सूर निघतो, पण तोच गिअरबॉक्स पुढं जाताना गप्प असतो. कित्येक मॅन्युअल गाड्यांत पुढचे गिअर हेलिकल असतात नि रिव्हर्सला मात्र स्पर, म्हणून हा फरक! स्परचा सरळ दात समोरच्या दातावर पूर्ण रुंदीनं एकदम आदळतो. हेलिकलचा तिरका दात एका टोकाकडून भिडत जातो, त्यामुळे लोड सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो.

आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा स्पर गिअरबॉक्सही असाच ओरडायचा. पार्टनर म्हणाला, "हेलिकल टाकू या रे, केसिंगला हातही लावायला नको!" गणित चोख होतं. मॉड्यूल ३, दात २० आणि ६०, म्हणून सेंटर डिस्टन्स १२० मिमी. नॉर्मल मॉड्यूल तोच ठेवून १९ आणि ५७ दात घेतले, हेलिक्स अँगल १८.२ अंश केला, की अंतर पुन्हा १२०च आणि रेशोही तोच.

मी म्हटलं, "थांब, आधी बेअरिंग बघू." पिनियनवर टॉर्क ६० न्यूटन-मीटर, पिच त्रिज्या ३० मिमी. म्हणजे दातावर २००० न्यूटनचा टँजेन्शियल फोर्स. त्याला हेलिक्स अँगलच्या टॅननं, म्हणजे ०.३३ नं गुणलं की ६६० न्यूटन. हा झाला अ‍ॅक्सियल थ्रस्ट, जो स्परमध्ये नसतोच. थोडक्यात, ६७ किलोचा एखादा रूममेट शाफ्टच्या टोकावर कायमचा उभा!

आता त्याला पेलणार कोण? शाफ्टच्या एका टोकाला एनयू प्रकारचं रोलर बेअरिंग होतं. त्याच्या आतल्या रिंगला कडाच नसतात, त्यामुळे ते थ्रस्ट घेत नाही. दुसऱ्या टोकाचं बॉल बेअरिंग एवढा थ्रस्ट आरामात घेतं, पण ते कव्हरनं एकाच बाजूनं अडवलेलं होतं. आमची मोटर उलटसुलट फिरणारी, आणि टॉर्क उलटला की थ्रस्टही उलटतो. मग शाफ्ट 'टक्' करून सरकणार. म्हणून बॉल बेअरिंगच्या दोन्ही रिंगा दोन्ही बाजूंनी पक्क्या केल्या. एनयू मोकळंच ठेवलं, कारण गरम झालेल्या शाफ्टला लांब व्हायला जागा हवी.

मोठ्या गिअरचा शाफ्ट मात्र अजून बाकी होता. तिथंही थ्रस्ट ६६० न्यूटनच, पण तो केंद्रापासून ९० मिमीवर लागतो नि शाफ्टला तिरपा करू पाहतो. दोन बेअरिंगमधलं अंतर १०० मिमी, तेव्हा या कलण्यापायीच प्रत्येक बेअरिंगवर जवळपास ५९० न्यूटनचा रेडियल फोर्स येतो, एकीकडे वर तर दुसरीकडे खाली. एका बेअरिंगवर तो आधीच्या लोडमध्ये भर घालतो. म्हणून तिथल्या बेअरिंगचं लाइफ पुन्हा काढावं लागलं.

हेलिकल बसवलेत? मग शाफ्टच्या टोकाला डायल गेज लावा आणि मोटर हळू, दोन्ही दिशांनी फिरवा. काटा ठरवलेल्या एंड प्लेपेक्षा जास्त हलला, तर दोष दातांत नाही, बेअरिंगच्या बसवणीत शोधा.