फुकट संगीताची किंमत फक्त एक नाव

आपल्या भागातल्या खड्ड्यांवरचं रील तुम्हीही पाहिलं असेल. मागे वाजणारी धून दबक्या पावलांनी चोर चालल्यासारखी, गमतीदार. ही कोणाची, असं कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर आलं नाही. मग म्हटलं, आपणच शोधू.

रीलवर आवाजाच्या जागी ‘ओरिजिनल ऑडिओ’ लिहिलं होतं. त्याचा अर्थ इतकाच की आवाज व्हिडिओसोबतच चढवलाय. संगीत त्या माणसाचं आहे, असं त्यातून ठरत नाही.

शझाम लावलं, काहीच सापडलं नाही. हे अ‍ॅप धून ‘ऐकून ओळखत’ नाही. आवाजातले ठळक सूर आणि त्यांच्यामधलं वेळेचं अंतर यांचा ठसा घेऊन तो साठ्यातल्या मूळ रेकॉर्डिंगशी जुळवतं. मागचा गोंगाट त्याला बराच चालतो. पण वेग बदलला की सूर आणि अंतर दोन्ही बदलतात आणि ठसा जुळत नाही. इथे निवेदन नेहमीच्या चालीत होतं, वाद्यं मात्र किरटी आणि घाईत वाजत होती. म्हणजे फक्त संगीत पळवलं होतं.

निवेदन नसलेला आठ-दहा सेकंदांचा तुकडा काढला आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हळू केला. ०.९ पट वेगाला नाही जुळलं, ०.८ ला लगेच नाव आलं. हिशोब सरळ आहे: सव्वापट पळवलेली गोष्ट ०.८ ने गुणली की मूळ जागी येते.

नाव आलं तरी लगेच विश्वास ठेवू नये. फुकट मिळणारी धून दुसरेच लोक आपल्या नावावर चढवतात आणि अ‍ॅप कधीकधी त्यांचंच नाव दाखवतं. म्हणून संगीतकाराच्या स्वतःच्या साइटवर, incompetech.com वर, जाऊन मूळ धून ऐकली. तीच होती: अमेरिकेतल्या केविन मॅक्लाउड यांची ‘स्नीकी स्निच’.

आता खरा मुद्दा. ही धून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बाय ४.०’ परवान्याखाली मिळते. पैसे नकोत, परवानगी मागायला नको, धंद्यासाठीही वापरा, वेगही बदला. अट एवढीच की नाव द्या, परवाना सांगा आणि बदल केला असेल तर तोही सांगा. नाव गाळलं की परवानाच लागू राहत नाही आणि फुकटची धून बेकायदा होते.

रस्त्याचं टेंडर कोणाला मिळालं, त्याचं नाव जाहीर करा, अशी त्या रीलची मागणी आहे. मागणी रास्तच आहे, माझाही पाठिंबा आहे. फक्त त्याच रीलखाली एक ओळ टाका भाऊ: ‘संगीत: केविन मॅक्लाउड, स्नीकी स्निच, सीसी बाय ४.०, वेग बदलला आहे.’ कॅप्शन नंतरही बदलता येतं.