चार रुपयांचा पुडा

आमच्या पिढीने संसार मांडले ते सिडकोच्या लहान घरांत. मे १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत आली आणि नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे बघता बघता भरत गेलं. महिन्याचं वाणसामान कुणी एपीएमसीतून आणायचं, कुणी सेक्टरमधल्या मोठ्या दुकानातून. पार्ले-जीचा छोटा पुडा मात्र सगळेच इमारतीखालच्या वाण्याकडून घ्यायचे, तोही बहुतेक वेळा पोरांना पिटाळून. पोराच्या मुठीत दोन रुपयांची दोन नाणी दिली की झालं. किंमत सांगावी लागत नसे आणि सुट्टे परत आणायचा प्रश्न नसे.

त्या चार रुपयांना कंपनीने एकदा हात लावून पाहिला होता. पुड्यामागे फक्त पन्नास पैसे वाढवले, तर खप इतका घसरला की वाढ मागे घ्यावी लागली. पन्नास पैशांनी कुणाचं घर बुडणार नव्हतं. पण साडेचार म्हटलं की दोन नाण्यांत काम भागत नाही, पोराला आणखी एक नाणं द्यावं लागतं किंवा वाण्याकडून आठ आण्यांच्या बदल्यात गोळी पदरात घ्यावी लागते. वाढ दुकानात मोठ्याने सांगितली जाते, मागे उभ्या असलेल्या बाईच्या कानावर पडते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्यात होते. शिवाय हा पुडा घेणाऱ्यांत कित्येकांची सकाळची न्याहारीच चहा आणि बिस्किटं. त्यांना आठ आणे खरोखर जाणवायचे.

मग वजन कमी होऊ लागलं. शंभर ग्रॅमचा पुडा साडेब्याण्णववर आला, पुढे अठ्ठ्याऐंशीवर. किंमत चारच रुपये. इथे जरा हिशेब मांडून पाहावा. शंभर ग्रॅमला साडेचार रुपये म्हणजे साडेबारा टक्के वाढ, ती लोकांनी परतवली. अठ्ठ्याऐंशी ग्रॅमला चार रुपये म्हणजे ग्रॅममागे साडेतेरा टक्क्यांहून जास्त वाढ, ती मात्र निमूटपणे घरात आली. पुढे पुडा पाच रुपयांचा झाला आणि वजन पंचावन्न ग्रॅमवर उतरलं. किंमत चाराची पाच, म्हणजे एका रुपयाची वाढ. पण ग्रॅमचा भाव चार पैशांवरून नऊ पैशांवर गेला, दुपटीपेक्षा जास्त.

याला मी सरसकट फसवणूक म्हणणार नाही. वजन पुड्यावर छापलेलं होतं आणि गहू, साखर, तेल महाग होत होतं, हेही खरं. मात्र नाणं आपण हाताने मोजतो आणि वजनाचा बारीक आकडा कुणी वाचत नाही, या सवयीवर सगळं चाललं होतं.

घरातल्या बायकांना ते आकड्यातून कळलं नाही, बशीत कळलं. आमच्या आईची रीत अशी की पुडा फोडून बिस्किटं माणशी सारखी वाटायची. एका पुड्यात जी वाटणी बसायची ती बसेना, तेव्हा ती दुसरा पुडा फोडू लागली. तिने तक्रार केली नाही, महिन्याच्या यादीत दोन पुडे वाढवले. पाच रुपयांचा पुडा स्वस्तच वाटत राहिला आणि बिस्किटांचा महिन्याचा खर्च वाढत गेला.

तिचा राग निघाला तो एका वेफर्सच्या पाकिटावर. पाकीट तेवढंच फुगलेलं आणि आत मूठभर काप. त्यात नायट्रोजन भरतात तो वेफर्स मऊ पडू नयेत आणि चुरा होऊ नये म्हणून, हे मी तिला सांगितलं. तिला ते पटलं, पण ते पाकीट तिने पुन्हा आणलं नाही. दोन वाढींना माणसं देतात तो प्रतिसाद असा वेगळा असतो. किंमत वाढली की कुरकुर लगेच होते आणि काही दिवसांत विरून जाते. वजन घटलं की आधी काहीच होत नाही, पण एकदा लक्षात आलं की मनात अढी बसते आणि ती महागाईवर नव्हे, त्या मालावर बसते.

वजन कमी करत जाण्यालाही तळ असतो. बिस्किटं कमी केली तरी वेष्टनाचा, खोक्याचा, ट्रकच्या भाड्याचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. शिवाय फारच लहान पुडा हातात घेताच कळतो. तिथे पोचलं की पुढच्या नाण्यावर उडी मारण्यावाचून गत्यंतर नसतं, पाचावरून दहा. मोठ्या घरगुती पुड्याला ही अडचण नाही. तो नोट देऊन घेतला जातो, त्याची किंमत चार-पाच रुपयांनी सरकवता येते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा हेच गणित उलट्या बाजूने समोर आलं. पाच रुपयांची किंमत उतरवली तर साडेचारच्या आसपासची, सुट्ट्या पैशांची होते. तेवढी नाणी आता वाण्याकडेही नाहीत. मग किंमत पाचच ठेवून वजन वाढवणं सोपं. पण घटलेलं वजन जसं नजरेतून सुटतं, तसं वाढलेलंही सुटतं, म्हणून ‘जास्त ग्रॅम’ असं वेष्टनावर ठळक छापावं लागतं. आता पुष्कळ पाकिटांवर एका ग्रॅमची किंमतही बारीक अक्षरांत छापलेली असते. आमची सून तीच वाचून पुडा निवडते.