मॉनिटरची पाठ

निवृत्तीनंतर बाबांनी हौसेने २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला. दुकानातल्या मुलाने तो घरी येऊन जोडून दिला. आठवड्याने बाबांचा फोन आला, “अगं, चित्र सुरेख दिसतं, पण माउस हलवला की बाण अडखळत सरकतो. आणि मॉनिटरला लावलेला पेनड्राइव्ह दिसतच नाही.”

रविवारी गेले. मॉनिटर बंद केला, वायरी काढल्या आणि तो पलंगावर चादर घालून पालथा ठेवला, कारण सगळे पोर्ट खाली तोंड करून होते. बाबा चष्मा लावून शेजारी बसले. मी म्हटलं, “प्रत्येक पोर्टला एकच विचारायचं. इथून आत येतं की बाहेर जातं?”

विजेच्या पिनेशेजारी एचडीएमआयचे दोन पोर्ट होते. त्यांचे खालचे दोन्ही कोपरे निमुळते असतात. त्यांतून चित्र आणि आवाज एकाच वायरीने आत येतात. दोन अशासाठी, की एकाला कॉम्प्युटर आणि दुसऱ्याला सेट-टॉप बॉक्स लावता यावा. कोणाचं चित्र पाहायचं ते मॉनिटरच्या बटणाने निवडायचं. त्यापलीकडचा पोर्ट तसाच दिसत होता, पण त्याचा एकच कोपरा कापलेला होता. तो डिस्प्लेपोर्ट. त्यातूनही चित्र आणि आवाज आतच येतात. हेडफोनचं गोल भोक मात्र बाहेर जाणारं. वायरीतून आलेला आवाज तिथून स्पीकरला मिळतो.

यूएसबी तीन होते. दोन चपटे आणि एक चौकोनी. बाबांनी पेनड्राइव्ह चपट्यात लावला होता, चौकोनी रिकामा होता. चपटे पोर्ट कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतात ते या चौकोनी पोर्टातूनच. त्याची वायर खोक्यात पिशवीसकट पडून होती. मॉनिटर उभा करून बाकीच्या वायरी परत लावल्या, ही वायर चौकोनी पोर्टातून कॉम्प्युटरला जोडली आणि पेनड्राइव्ह दिसला.

राहिला बाण. विंडोजमध्ये Advanced display उघडलं, तर तिथे 30 Hz दिसत होतं, म्हणजे चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलत होतं. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचं एचडीएमआय १.४ पिढीचं होतं. फोर-के चित्राला त्याची मजल तेवढीच. पण त्याच कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट १.२ होता, आणि तो हेच चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवतो. वायर बदलली, यादीतून 60 Hz निवडलं. बाबांनी माउस फिरवून पाहिला आणि म्हणाले, “आता पाण्यासारखा जातो.”

डिस्प्लेपोर्टची वायर काढताना बहुतेकदा टोकावरचं बटण दाबावं लागतं. न दाबता ओढली तर पोर्ट तुटू शकतो. बटण दाबून वायर काढणं मी बाबांकडून दोनदा करून घेतलं.

नवा मॉनिटर आणलात, तर खोकं माळ्यावर टाकण्याआधी त्यातल्या सगळ्या वायरी बाहेर काढा आणि Advanced display मधला आकडा एकदा स्वतः पाहा.