यांना साखर चालते का?

बीबीसी रेडिओ ४ वर १९७७ ते १९९८ या काळात अपंग श्रोत्यांसाठी एक कार्यक्रम चालायचा. त्याच्या नावाचा अर्थ होता, ‘यांना साखर चालते का?’ चहा देणारी व्यक्ती हा प्रश्न व्हीलचेअरवर बसलेल्याला विचारत नाही, त्याच्यासोबत आलेल्याला विचारते. आपल्याकडे तर हा प्रश्न आदराने विचारता येतो. ‘ह्यांना’ म्हटलं की आदरार्थी बहुवचन झालं, आणि समोरचा माणूस संभाषणातून बाहेरही गेला.

माझी आतेबहीण, आमची ताई, अपघातानंतर गेली सहा वर्षं व्हीलचेअर वापरते. इजा कमरेच्या वरच्या मणक्यात आहे. हात, आवाज, बुद्धी आणि हिशेबातली चूक पकडायची सवय शाबूत आहे. मागच्या वर्षी तिच्या खात्याचं केवायसी करायला आम्ही एका बँकेत गेलो. काउंटरमागच्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून विचारलं, “ह्या सही करतात का?”

अशा वेळी सोबत्याने काय करायचं, हे आमचं आधीच ठरलेलं आहे. उत्तर द्यायचं नाही. रागवायचंही नाही, कारण मी रागावलो की बोलणं माझं आणि त्यांचं होतं. मी फक्त मान वळवून ताईकडे बघतो. विचारणाऱ्याची नजर आपोआप माझ्या नजरेमागून जाते. दोन-तीन सेकंद अवघड शांतता असते, ती सोसायची. मग ताई म्हणाली, “करते. कुठे करायचीय?”

पुढचा अडथळा काउंटरचा. तो ताईच्या हनुवटीपर्यंत येत होता. कागद वर, ती खाली. शेवटी ते गृहस्थ फॉर्म आणि पॅड घेऊन बाहेर आले, ग्राहकांसाठीची एक खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “मॅडम, पत्ता तोच आहे ना?” तिथून पुढे मी त्या कामात नव्हतोच. माझ्या हातात फक्त तिची पाण्याची बाटली होती.

खुर्चीने एवढा फरक का पडतो, ते मी घरी एकदा मोजलं. (इंजिनिअरला टेप दिली की तो हेच करणार.) मी उभा असताना माझे डोळे जमिनीपासून साधारण १५८ सेंमीवर असतात, ताईचे व्हीलचेअरमध्ये ११८ वर. फरक ४० सेंमी. मी तिच्यापासून ६० सेंमीवर उभा राहिलो, तर माझ्या डोळ्यांत बघायला तिला सुमारे ३४ अंश वर बघावं लागतं. दीड मीटरवर गेलो की तोच कोन १५ अंशांवर येतो. म्हणजे बसायला जागा नसेल, तर दोन पावलं मागे सरकणं हाही चांगला उपाय आहे. आपुलकीने अगदी जवळ येऊन उभे राहणारे पाहुणे तिची मान सर्वांत जास्त दुखवतात. साध्या खुर्चीत बसलो की माझे डोळे १२० च्या आसपास येतात, आणि प्रश्न मिटतो.

उकिडवं बसणं मात्र तितकं सरळ नाही. त्यात डोळे तिच्याहून फूटभर खाली जातात. गुडघ्यांवर हात ठेवून कमरेत वाकलं की बालवाडीतल्या बाईंची आठवण येते, आणि आवाजही नकळत तसाच गोड होतो. ताईचा नियम असा आहे: नुसता नमस्कार असेल तर उभ्यानेच, पण समोर येऊन करा, पाठीमागून नको. मागे खुर्ची ढकलणारा माणूस असतो, तिला वळता येत नाही. दोन मिनिटांहून जास्त बोलायचं असेल तर बसा. टेकायला तिच्या खुर्चीचं हँडल वापरू नका. त्याला धक्का लागला की तिचं सगळं शरीर हलतं.

याला मर्यादा आहेत. कुणाचं बोलणं अस्पष्ट असतं, कुणी थकलेलं असतं, कुणाला सोबत्यानेच बोललेलं हवं असतं. पण तसं ठरवायचा अधिकार त्यांचा. म्हणून पहिला प्रश्न त्यांनाच विचारायचा आणि उत्तराला वेळ द्यायचा. त्यांनी सोबत्याकडे खूण केली, तरच तिकडे वळायचं. त्यानंतरही ‘ह्यांना’ नाही, ‘तुम्हाला’च.

हा नुसता शिष्टाचार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क देतं. काउंटरवर तो हक्क कागदाच्या आधी सर्वनामात दिसतो. सही कुणाची हवी आहे, हे बँकेला ठाऊक असतं. मग प्रश्नही त्याच व्यक्तीला विचारायचा, एवढंच.