पाटावरची रांगोळी, खिडकीतला कंदील

चि. मृण्मयीस,


यंदा दिवाळीत तू बंगळूरच्या पीजीत असशील. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि खोलीत दिवा पेटवायचा नाही, असं तू म्हणालीस. म्हणून तुझ्यासाठी एक डबा भरते आहे. बॅगेच्या तळाशी बसेल आणि भिंतीवर, फरशीवर कसलीही खूण ठेवणार नाही, एवढंच बघून एकेक वस्तू घेतली.

सगळ्यात जास्त विचार रांगोळीचा केला. दारासमोरचा पॅसेज सगळ्यांचा, तिथे तासाभरात केरसुणी फिरणार. शिवाय नुसता रंग टाकला तर खरबरीत फरशीवर डाग राहतो. तेव्हा चौदा इंची चौकोनी हार्डबोर्ड कापून घेतला आहे. त्याला गेरूचे दोन हात दिलेत. गेरू नुसत्या पाण्यात कालवला की वाळल्यावर हाताला लागतो, म्हणून त्यात चमचाभर फेविकॉल घातलाय. ठिपक्यांचा कागदही केलाय: जाड कागदावर इंचाइंचावर खुणा करून पेटत्या उदबत्तीने भोकं पाडली, अकरा ओळी, प्रत्येकीत अकरा. कागद बोर्डावर ठेवायचा, वर रांगोळी पसरून तळहाताने हलकेच फिरवायची आणि कागद सरळ वर उचलायचा. तिरका ओढलास तर ठिपके फिसकटतात. पांढरी रांगोळी अर्धा किलो पुरे. रंगात निम्मी रांगोळी मिसळूनच पुड्या बांधल्यात, तशी ती चिमटीतून नीट सुटते. रेघ तुटक पडायला लागली, तर रांगोळीला दमट हवा लागली असं समज. वर्तमानपत्रावर पसरून उन्हात ठेव.

आकाशकंदील कापडी घेतलाय, घडी होणारा. बंगळूरला दिवाळीच्या सुमारास पाऊस येतो, त्यात कागदी कंदील एका रात्रीत लुळा पडेल. कापडीसुद्धा खिडकीच्या आतच, गजाला सुतळीने बांध. उजेड बाहेर दिसतोच. बल्ब एलईडीचा, तीन वॉटचा आहे. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बची धग कापडाला सोसणार नाही, तेव्हा तो अजिबात लावू नकोस. होल्डर आणि तीन मीटर वायर सोबत आहे.

तोरणासाठी चिकटपट्टी मुद्दाम दिलेली नाही. तिच्याबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. पडद्याच्या दांडीवर कपड्यांचे चिमटे लावलेस की काम होतं. पणत्या बॅटरीच्या आहेत. भाऊबीज झाली की त्यातल्या बॅटऱ्या आठवणीने काढून ठेव. आत राहिल्या तर पाझरतात आणि पुढच्या वर्षी पणती लागत नाही.

आता एक काम कर. खिडकीच्या गजापासून चौकटीच्या खालच्या कडेपर्यंतचं माप मला आजच कळव. घेतलेला कंदील दीड फुटी आहे, जागा कमी असेल तर दुकानदार लहान बदलून द्यायला तयार आहे. तुझी गाडी शुक्रवारची, त्याच्या आत हे व्हायला हवं.

तुझी,
आत्या