डीएनडी लावलंय, तरी फोन येतोच!

‘‘नंबर डीएनडीला टाकलाय हो, तरी लोनवाल्यांचे फोन थांबत नाहीत.’’ मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागतं, की समोरचा ‘नंबर’ म्हणाला की पुढचं आपोआप कळतं. गंमत म्हणजे तक्रार करणारा खरं बोलत असतो आणि डीएनडीची यादीही आपलं काम चोख करत असते. मग फोन येतो कुठून? ते समजून घेतलं तर फोन थांबवण्याचा मार्गही सापडतो.

‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नकोशा जाहिराती अडवणारी राष्ट्रीय नोंदवही २००७मध्ये आणली. ती फारशी चालली नाही. २०१०मध्ये अर्थमंत्री प्रणव मुखर्जींना एका महत्त्वाच्या बैठकीत गृहकर्ज हवंय का, असा फोन आला आणि त्याची बातमी देशभर झाली. त्याच वर्षी डिसेंबरात नवे नियम निघाले, ते सप्टेंबर २०११पासून लागू झाले. आज जे चालतात ते २०१८चे नियम, आणि त्यांत फेब्रुवारी २०२५मध्ये मोठी दुरुस्ती झाली आहे.

या यादीची रचना अशी. जाहिरातीचे फोन करण्याचा धंदा करणाऱ्याने आधी मोबाइल कंपन्यांकडे नोंदणी करायची. त्याला १४०ने सुरू होणारे क्रमांक मिळतात. ज्यांना फोन करायचे त्यांची यादी तो यंत्रणेत घालतो, यंत्रणा त्यातले डीएनडीवाले नंबर गाळते आणि उरलेल्यांनाच फोन जातो. म्हणजे ही गाळणी बसली आहे ती नोंदणी केलेल्यांच्या वाटेवर. जो नोंदणी न करताच साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन करतो, त्याच्या वाटेत गाळणीच नाही. तुमचा नंबर यादीत आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याला त्याची पर्वाही नसते. आपल्याला छळतो तो बहुतेक वेळा हाच.

तरीही नोंद करावीच, कारण १४०वाल्यांचा आणि जाहिरातीच्या एसएमएसचा मारा तिने नक्की कमी होतो. ज्या सिमवर नोंद हवी, त्याच सिमवरून १९०९ला एसएमएस करायचा:

```
START 0
```

एसएमएस जमत नसेल तर १९०९ला फोन लावून सांगता येतं. अंमल व्हायला सात दिवस धरून चालावं. बँकेचे ओटीपी आणि खात्यातल्या व्यवहारांचे संदेश याने बंद होत नाहीत. ही भीती अनेकांच्या मनात असते म्हणून सांगितलं. सगळंच बंद नको असेल, म्हणजे शिक्षणाच्या जाहिराती चालतील पण बँका-विमा आणि घरांच्या नकोत, तर तशी निवड ट्रायच्या डीएनडी ॲपमध्ये करता येते. एका फोनमध्ये दोन सिम असतील तर मात्र नोंद दोनदा करायची. नोंद फोनची नसते, नंबराची असते.

आता दहा आकडी नंबरांकडे वळू. खारदांड्यात, कोळीवाड्याच्या तोंडाशी मी राहतो. आमच्या शेजारच्या मावशी मासळी विकतात. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुके बोंबील, जवळा, करंदी यांच्यावर घर चालतं, आणि हल्ली त्याच्या ऑर्डरी फोनवरच येतात. कोणी पाली हिलवरून विचारतं, कोणी थेट बोरिवलीहून. त्यामुळे ‘अनोळखी नंबर उचलूच नका’ हा सगळीकडे मिळणारा सल्ला मावशींच्या कामाचा नाही. प्रत्येक अनोळखी नंबर हे त्यांचं संभाव्य गिऱ्हाईक असतं.

त्याच दिवसांत त्यांना एका नंबरावरून पर्सनल लोनसाठी फोन सुरू झाले. सकाळी, जेवताना, दुपारी डोळा लागला की पुन्हा. बाई गोड बोलायची आणि नको म्हटलं की दुसऱ्या दिवशी नव्या दमाने पहिल्यापासून सुरुवात करायची. मावशींनी १९०९ला तक्रारही केली होती. उत्तर आलं, की असा कॉल आमच्या नोंदीत आढळत नाही, तक्रार बंद. त्या वैतागून मला म्हणाल्या, ‘‘मग काय मला सपान पडलं काय रं?’’

मी त्यांचा फोन हातात घेतला. फोन दोन सिमचा. लोनवाल्या बाईचा कॉल आला होता पहिल्या सिमवर, आणि तक्रारीचा एसएमएस गेला होता दुसऱ्या सिमवरून, कारण स्वस्त पॅक त्यावर होता. आता पलीकडे काय घडतं ते पाहा. तक्रार ज्या कंपनीकडे जाते ती सर्वांत आधी आपल्या कॉल नोंदींत एकच गोष्ट तपासते: या तारखेला, या नंबरावरून, तक्रार करणाऱ्याच्या नंबरावर कॉल आला होता का? दुसऱ्या सिमवर कॉल आलेलाच नव्हता, म्हणून तक्रार पहिल्याच पायरीवर गळाली. तिथे कोणी माणूस बसून तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही, जुळणी झाली नाही की झालं. नंबराचा एक आकडा चुकला, तारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल झाली, किंवा ‘रोज फोन येतात, बंद करा’ एवढंच लिहिलं, तरी हेच होतं.

तेव्हा तक्रारीत तीनच गोष्टी लागतात, पण त्या बिनचूक लागतात: फोन कशाबद्दल होता, कोणत्या नंबरावरून आला, कोणत्या तारखेला आला. ज्या सिमवर फोन आला त्याच सिमवरून १९०९ला असा एसएमएस पाठवायचा. नंबराच्या जागी कॉल लॉगमधला पूर्ण दहा आकडी नंबर घालायचा आणि तारखेत दिवस, महिना, वर्ष हाच क्रम ठेवायचा:

```
Personal loan call, 9XXXXXXXXX, 14/07/25
```

फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत हे झालं पाहिजे. पूर्वी तीनच दिवस मिळत. आणखी एक बदल २०२५च्या दुरुस्तीने केला, जो फार थोड्यांना माहीत आहे: नोंदणी न केलेल्या टेलिमार्केटरविरुद्ध तक्रार करायला तुमचा नंबर डीएनडीत असण्याची अट आता नाही. मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये आणि ट्रायच्या ॲपमध्येही तक्रारीची सोय आहे. कॉल लॉगमधला नंबर तिथे थेट निवडता येतो, त्यामुळे आकडे चुकत नाहीत. तक्रार क्रमांक येईल तो जपून ठेवायचा.

मावशींनी पुढचा फोन उचलला आणि मी सांगितल्याप्रमाणे दोनच प्रश्न विचारले: कंपनी कुठली, आणि माझा नंबर कुठून मिळाला? बाईने एका एजन्सीचं नाव मोघम घेतलं आणि फोन ठेवला. एवढं पुरे होतं. या वेळी तक्रार योग्य सिमवरून गेली आणि नोंदवली गेली.

पण एका तक्रारीने काम होईल, या भ्रमात राहू नये. तुमची कंपनी कॉल झाल्याची खात्री करते आणि तक्रार पुढे पाठवते ती फोन करणाऱ्याच्या कंपनीकडे. कारवाई तिने करायची असते. नियम असा, की दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या ग्राहकांनी एकाच प्रेषकाविरुद्ध तक्रार केली तर कारवाईचा उंबरठा ओलांडला जातो. आधी हा आकडा सात दिवसांत दहा होता. एकाच माणसाने पाच वेळा तक्रार केली तर ती पाच माणसं होत नाहीत, हे ध्यानात ठेवा. नोंदणी नसलेल्या प्रेषकावर पाच दिवसांत कारवाई करायची असते, पूर्वी तीस दिवसांची मुदत होती. पहिल्या वेळी दोष सिद्ध झाला तर पंधरा दिवस त्याचे बाहेर जाणारे कॉल बंद होतात. पुन्हा तेच केलं तर त्याच्या नावावरच्या सगळ्या जोडण्या, सिम असोत की ऑफिसच्या लाइनी, सर्व कंपन्यांकडे वर्षभरासाठी तोडल्या जातात.

ही एजन्सी आमच्या गल्लीतले नंबर ओळीने लावत होती. मावशींनी मासळी बाजारात विचारलं तर तोच नंबर आणखी चार-पाच जणींच्या फोनमध्ये निघाला. कोणी तो ब्लॉक केला होता, कोणी ट्रूकॉलरवर ‘स्पॅम’ म्हणून लाल केला होता. दोन्हीने आपल्यापुरती शांतता मिळते, पण त्यातलं काहीच कंपनीच्या तक्रार नोंदवहीत पोचत नाही. म्हणून आधी तक्रार, मग ब्लॉक, हा क्रम. त्या सगळ्यांनी आपापल्या नंबरावरून, आपापल्या फोनवर आलेल्या कॉलची तारीख घालून एसएमएस केले. त्यानंतर त्या नंबरावरून फोन येणं थांबलं. काही आठवड्यांनी तीच बाई दुसऱ्या नंबरावरून बोलली, तेव्हा पुन्हा तोच उद्योग करावा लागला. पण वर सांगितलेली वर्षभराची तोडणी होते ती दुसऱ्याच खेपेला, त्यामुळे हा उद्योग वाया जात नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादाही आहेत. तुम्ही एखाद्या ॲपवर किंवा दुकानातल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर संमतीची खूण केली असेल, तर फोन करणारा ती पुढे करू शकतो. संमती डीएनडीवर मात करते. ती काढून घेता येते, आणि एकदा काढली की नव्वद दिवस तो पुन्हा मागू शकत नाही. व्हॉट्सॲपवरचे कॉल मोबाइल कंपनीच्या कॉल नोंदींत येत नाहीत, म्हणून १९०९ तिथे निरुपयोगी. ती तक्रार व्हॉट्सॲपमध्येच करावी.

आणि विक्री वेगळी, फसवणूक वेगळी. ‘केवायसी संपलंय’, ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय’, ‘मी पोलीस ठाण्यातून बोलतोय’ असे फोन जाहिरात नसतात. ते संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सोयीत नोंदवायचे. ती मार्च २०२४पासून सुरू आहे. आणि पैसे गेले असतील तर आधी १९३०ला फोन, बाकी सगळं नंतर.

या दिवाळीत फराळाला शेजारीपाजारी जमतील तेव्हा एक काम करा. प्रत्येकाने आपल्या फोनचा कॉल लॉग उघडा आणि गेल्या सात दिवसांत त्रास देणारे नंबर एकमेकांशी ताडून पाहा. एकच नंबर पाच फोनांत सापडला, तर पाचही जणांनी उठण्याआधी, फोन आला त्याच सिमवरून, १९०९ला एसएमएस करा.