शिंक, क्रंचेस आणि नेरळची जिम

गोष्ट सुरू झाली एका शिंकेपासून. मुलगी सात आठवड्यांची होती, मी माहेरी कळंबला. दुपारी मिरचीची फोडणी पडली, मला जोरात शिंक आली आणि... कपडे बदलावे लागले. कुणाला सांगणार? नवरा ठाण्याला, शनिवारी येणार. मी गपचूप साडी बदलली (गाऊन म्हणायला हवं, साडी कोण नेसतंय) आणि रात्री मोबाईलवर 'बाळंतपणानंतर पोट कमी' असं शोधत बसले. खरं तर शोधायला हवं होतं दुसरंच. पण पोट दिसतं, ते दिसत नाही.

सहा व्हिडिओ उतरवून घेतले. कळंबला पावसाळी दिवसांत वीज आणि रेंज एकदमच जातात, म्हणून सगळं आधी उतरवून ठेवायचं. पहिलाच व्हिडिओ वीस मिनिटांचा, 'फ्लॅट टमी'. व्हिडिओतली बाई हसत हसत पन्नास क्रंचेस मारते. मी बारा मारले. तेराव्याला सहज खाली बघितलं, तर पोटाच्या बरोबर मधोमध, बेंबीच्या वर, उभा उंचवटा आला होता. एखादी पाल कपड्याखाली शिरल्यासारखा. डोकं खाली टेकवलं की गायब.

आई म्हणाली, "सव्वा महिना पोट बांधलं असतंस तर असं झालं नसतं." सव्वा महिना मालिश, शेक, पोटपट्टा. मी मालिश करून घेतलं आणि पट्ट्याला नाही म्हटलं होतं. त्यामुळे आता बोलून घ्यायची तिची पाळी होती.

पुढच्या सोमवारी कर्जतच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघे उभे, आणि डोकं जरासं उचलायला सांगितलं. मग बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दाबली. "तीन बोटं." पोटावरचे दोन उभे स्नायू मधल्या एका पट्टीने जोडलेले असतात. गरोदरपणात ती पट्टी ताणते आणि स्नायू बाजूला सरकतात. दोन बोटांपेक्षा जास्त अंतर उरलं तर लक्ष घालायचं. पहिल्या आठ आठवड्यांत ते बरंचसं आपोआप भरतं, नंतर वेग मंदावतो. आणि नुसतं अंतर बघून भागत नाही, मधली पट्टी बोटाखाली ताठ लागते की लोण्यासारखी खाली जाते, हेही बघायचं. माझी लोण्यासारखी.

मी विचारलं, क्रंचेसने बिघडलं का? त्या म्हणाल्या, "क्रंच म्हणजे विष नाही. पण उंचवटा आला, की समजायचं एवढा भार आज पोटाला झेपत नाही. तो व्यायाम तिथेच थांबवायचा, सोपा करायचा." हा माझ्या डोक्याला पटणारा नियम होता. एरर मेसेज समोर दिसतोय, तर तो वाचायचा. व्हिडिओतल्या बाईला माझं पोट दिसत नाही, एवढाच काय तो व्हिडिओचा दोष.

मग धीर करून शिंकेचंही सांगितलं. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. पोटाचा तळ सांभाळणारे स्नायू बाळंतपणात ताणतात, त्यांना पुन्हा कामाला लावायचं. अमेरिकेतल्या आर्नल्ड केगेल नावाच्या डॉक्टरांनी 1948 मध्ये यावर लिहिलं, म्हणून व्यायामाचं नाव केगेल. वायू आणि लघवी एकदम रोखून धरल्यासारखं आत-वर ओढायचं, सहा ते आठ सेकंद, मग तेवढाच वेळ सैल. असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास धरायचा नाही. मी आठवडाभर उलटं करत होते, वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होते! बाईंनी तपासलं म्हणून कळलं. आणि लघवी मध्येच थांबवून सराव करायचा नाही, ही सवय बरी नव्हे. फरक पडायला तीनेक महिने धरायचे.

आता जिम. नेरळला एक बरी आहे, दुपारी बायकांची बॅच असते. मी गणित मांडलं. शेअर रिक्षा भरायला पंधरा मिनिटं, नेरळपर्यंत पंचवीस, व्यायाम पंचेचाळीस, परत तेच चाळीस. एकूण 125 मिनिटं. मुलगी अडीच तासांनी दूध मागते आणि एकदा पाजायला अर्धा तास. म्हणजे हातात 120. पाच मिनिटांनी कोसळणारा प्रोग्राम, तोही रिक्षा वेळेवर भरली तर! दूध काढून ठेवायचं तर बाहेर चार तास टिकतं, तेही 25 अंशांच्या आत. फ्रीज आहे, पण वीज... असो.

म्हणून जिम पुढे ढकलली आणि व्हिडिओही सोडले नाहीत. वीस मिनिटांचा अखंड वेळ मिळत नाही, हे मान्य करून त्याचे तीन तुकडे केले. सकाळी पाजून झालं की (भरलेल्या छातीने व्यायाम नकोसा होतो, दुधावर मात्र काही वाईट परिणाम होत नाही) उताणं झोपून टाच सरकवायची: श्वास सोडताना तळ आत-वर ओढायचा, पोट हलकं आत घ्यायचं आणि एक पाय लांब करायचा. दहा-दहा वेळा. दुपारी भिंतीला टेकून पुशअप्स आणि खुर्चीवर उठ-बस. संध्याकाळी मुलीला घेऊन पोशीरच्या रस्त्याने वीस मिनिटं चालणं. ज्या दिवशी पुन्हा लाल जायला लागलं, त्या दिवशी जास्त झालं असं समजून दोन दिवस फक्त चालले. सिझेरियन झालेल्या मैत्रिणीला हे जसंच्या तसं लागू नाही, तिला पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नको म्हणून सांगितलं होतं.

पंधराव्या आठवड्यात अंतर दीड बोट. पट्टी ताठ लागते. शिंक आली तर आधी तळ ओढायचा, हे आता आपोआप होतं. पळायचं नाही अजून, पण रजेचे 26 आठवडे संपून ठाण्याला परतले की घराखालच्या जिममध्ये वजनं उचलायची आहेत. तिथे शिकवणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी उंचवट्याचं सांगणार आहे, तो लाजला तरी.

हे सगळं एकदा रात्री आईला सांगत होते, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला तर तू झाल्यापासून होतं. शिंक आली की, हसलं की. बायकांना व्हायचंच ते."

माझं वय एकतीस. एकतीस वर्षं तिने कुणाला सांगितलं नाही. लग्नकार्यात शेवटच्या रांगेत बसायची, सहलीला यायची नाही, आम्ही म्हणायचो आईला माणसं आवडत नाहीत.

पुढच्या खेपेला तिलाही कर्जतला नेलं. बाई म्हणाल्या, या वयातही सुधारतं, वेळ जरा जास्त लागेल. आता आई रोज भाकऱ्या थापताना करते. मोठ्याने एक ते आठ मोजते आणि हमखास श्वास धरून ठेवते. मग मी बाहेरून ओरडते, "श्वास सोड गं!" :)